माईंच्या चिठ्ठ्या

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या चिठ्ठ्या उभ्या लावून ठेवल्या आहेत. काही पाठकोऱ्या कागदाच्या आहेत, काही लग्नपत्रिका कापून केलेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर डाव्या कोपऱ्यात एक शब्द आणि त्याखाली एक वाक्य असतं. वाक्य कुठे वाचलं किंवा कोणाच्या तोंडून ऐकलं, ते सगळ्यात खाली लिहिलेलं असतं. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर माईंचं अक्षर आहे, उरलेल्यांवर माझं. पस्तीसेक वर्षं मी भाषांतरावर पोट भरते आहे आणि त्याची सुरुवात या डब्यापासून झाली.

१९८८ साली मी साताऱ्यात माईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. मुलींच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मी नुकतीच इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि खेड्यांत आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेने मला एक पुस्तिका मराठीत करायला दिली होती. अठ्ठेचाळीस पानं होती. बाळंतपण करणाऱ्या सुइणींना कोणत्या खुणा दिसल्या तर बाईला ताबडतोब दवाखान्यात हलवायचं, एवढंच त्यात होतं. माझ्याजवळ खिशात मावणारा एक इंग्रजी-मराठी कोश होता आणि तो मला पुरेसा वाटत होता.

पुस्तिकेत एक वाक्य होतं. ‘लेबर’ बारा तासांपेक्षा जास्त चाललं तर बाईला दवाखान्यात न्यावं, असा त्याचा आशय. मी लिहिलं, “बारा तासांपेक्षा जास्त श्रम झाल्यास गरोदर स्त्रीला रुग्णालयात न्यावे.” वाक्य गुळगुळीत होतं, व्याकरणात चूक नव्हती, अर्थही लागत होता. मी पुढे गेले.

छापण्याआधी मजकूर सुइणींना वाचून दाखवायची संस्थेची पद्धत होती. एका गावातल्या समाजमंदिरात आठ-नऊ जणी जमल्या होत्या. मी ते वाक्य वाचलं तशी पुढे बसलेली एक आजी म्हणाली, “बारा तासाच्या वर राबायचं न्हाई म्हंतीस व्हय? मग सुगीत काय करायचं बाई? आमच्याकडं पोटुशी बाई नवव्या म्हैन्यापतोर शेतात असती.” बाकीच्यांनी मान डोलावली. त्यांना ते वाक्य नीट कळलं होतं. मी जे लिहिलं होतं तेच त्यांना कळलं होतं, आणि ते मूळ पुस्तिकेत कुठेच नव्हतं. अडलेल्या बाईला कधी हलवायचं, ही सूचना माझ्या मराठीतून नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी गरोदरपणी जास्त कष्ट करू नका असा एक शहाणपणाचा सल्ला येऊन बसला होता.

भाषांतरात हास्यास्पद चूक झाली तर कोणीतरी थांबतं. अशी समजूतदार दिसणारी चूक मात्र थेट छापखान्यात जाते. त्या दिवशी आजी बोलल्या नसत्या तर तीही गेली असती.

संध्याकाळी मी माईंकडे गेले. झालेला प्रकार सांगताना मला रडू येत होतं. माईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुझा कोश आण. ती नोंद मोठ्याने वाच बघू.”

मी वाचली. श्रम, मेहनत, कष्ट, मजूरवर्ग, प्रसूतिवेदना.

“चिन्हांसकट वाच.”

मला कळेना. मग त्यांनी पेन्सिलीचं टोक कागदावर ठेवून दाखवलं. श्रम, मेहनत आणि कष्ट यांच्यामध्ये स्वल्पविराम आहेत, म्हणजे ही एकाच घरातली माणसं. कष्टनंतर अर्धविराम आला, तिथे ते घर संपलं. मजूरवर्ग हे दुसरं घर, प्रसूतिवेदना हे तिसरं. “तू पहिल्याच दारात गेलीस आणि जे हाताला लागलं ते घेऊन आलीस. पुढची दोन दारं उघडलीच नाहीस.” छोट्या कोशात जागा वाचवायला आकडे घालत नाहीत, तेव्हा अर्थाची वेस फक्त त्या अर्धविरामावर असते. मोठ्या कोशात एक, दोन, तीन असे आकडे असतात आणि काम सोपं होतं. पण आकडा पहिला म्हणून अर्थ पहिला, असंही नसतं. काही कोश सर्वांत जास्त वापरातला अर्थ आधी देतात, काही सर्वांत जुना. आपला कोश कोणत्या पद्धतीचा आहे ते त्याच्या प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. “आणि प्रस्तावना कोणी वाचत नाही,” असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्या आवाजात खरं दुःख होतं.

मग त्यांनी मला कोश मिटायला लावला. पुढची वर्षानुवर्षं मी जे करत आले ते त्या दिवशी त्यांनी शिकवलं. इंग्रजी वाक्य एका चिठ्ठीवर उतरवायचं आणि अडलेल्या शब्दाच्या जागी रेघ मारायची. गाळलेली जागाच. मग आजूबाजूचे शब्द त्या जागेबद्दल काय सांगतात ते पाहायचं. माझ्या वाक्यात ती गोष्ट ‘चालते’, तासांत मोजली जाते आणि ती फार लांबली तर बाईच्या जिवाला धोका असतो. मागच्या परिच्छेदात ती ‘सुरू होते’ असं होतं, पुढच्यात तिच्या ‘अवस्था’ सांगितल्या होत्या. कष्टांना अवस्था नसतात. मजूरवर्ग तासांत मोजत नाहीत. कोश उघडायच्या आधीच तीनपैकी दोन दारं बंद झाली होती. इंग्रजीतही कष्टाच्या अर्थाने आलेला हा शब्द अंगमेहनतीच्या विशेषणांबरोबर येतो आणि बाळंतपणाच्या अर्थाने आलेला ‘गो इंटू लेबर’सारख्या ठरलेल्या जोडणीत. मोठ्या कोशांत या जोडण्या नोंदीच्या शेवटी दिलेल्या असतात. आपण वरच्या दोन ओळी वाचून कोश मिटतो आणि नेमकं तेवढंच राहून जातं.

मला वाटलं, झालं. श्रम खोडून मी प्रसूतिवेदना लिहिलं. माईंनी मान हलवली. “अर्थ मिळाला, शब्द अजून मिळालेला नाही. तुझ्या सुइणी काय म्हणतात?”

दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा त्या गावी गेले आणि या वेळी बोलण्याऐवजी ऐकत बसले. प्रसूतिवेदना कोणीच म्हणत नव्हतं. ‘कळा सुरू झाल्या’, ‘वेणा येत्यात’, ‘तिचं दुखायला लागलं’, असं म्हणत होत्या. मी तिन्ही चिठ्ठ्यांवर टिपून घेतलं. माईंचा नियम होता की वाक्य जसं ऐकलं तसंच लिहायचं आणि कोण बोललं तेही लिहायचं. जिच्या खाली बोलणारा नाही अशी चिठ्ठी त्या डब्यात जाऊ देत नसत.

‘कळा’ मला आवडला. छोटा शब्द, सगळ्यांना ठाऊक. तेव्हा माईंनी कपाटातून मोल्सवर्थ काढला. मूळ कोश १८३१चा, सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि माईंकडे होतं ते पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ साली काढलेलं पुनर्मुद्रण. तो मराठी-इंग्रजी आहे, म्हणजे माझ्या गरजेच्या उलट दिशेचा. मी तसं म्हटलंही. माई म्हणाल्या, “म्हणूनच. इंग्रजीतून मराठीत जो शब्द घेऊन आलीस, तो परत इंग्रजीत नेऊन सोड. तो जिथून निघाला तिथेच पोचतो की आणखी कुठे भटकतो, ते बघ.”

आम्ही एकवचन धरून ‘कळ’ शोधला आणि कोशातलं व रोजच्या बोलण्यातलं मिळून चिठ्ठीवर मांडत गेलो. शरीरातली वेदना ही कळ. कुलपाची किंवा यंत्राची, दाबली की काम करणारी, तीही कळ. भांडणाची कळ. म्हणजे शब्द परत जाताना तीन वाटांना फुटत होता. आता सूचना वाचणाऱ्या बाईने चौथीच वाट धरली तर? पोट बिघडल्यावरही पोटात कळ येते. हगवण लागलेली गरोदर बाई आणि बाळंत होऊ घातलेली बाई, दोघींच्याही पोटात कळाच येतात.

अर्थ ठरवतं कोण, तर शेजारचं क्रियापद. हे मला मोल्सवर्थच्या पानांवरच दिसलं आणि त्या कोशाबद्दलचा माझा आदर तेव्हापासून कधी कमी झाला नाही. त्याच्या कित्येक नामांच्या नोंदींत इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर येतं आणि त्याच्यापुढे देवनागरीत ‘कर’, ‘घे’, ‘दे’, ‘लाव’ असे धातू छापलेले असतात. नवखा वाचक ते संक्षेप समजून ओलांडून जातो. तिथे कोशकार सांगत असतो की हे नाम मराठी माणूस कोणत्या क्रियापदाबरोबर वापरतो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या संपादकांनी आणि त्यांच्याबरोबर बसलेल्या मराठी पंडितांनी हे वेचून ठेवलं. भाषांतर करणाऱ्याला नुसता प्रतिशब्द मिळून भागत नाही. शपथ ‘घेतात’ की ‘खातात’ की ‘घालतात’ हेही लागतं, आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. इंग्रजीतलं क्रियापद शब्दशः आणलं की वाक्य परकं वाटतं ते इथेच.

कळेचंही तसंच होतं. कळ ‘येते’ ती वेदना. कळ ‘दाबतात’ ती यंत्राची. कळ ‘लावतात’ आणि ‘काढतात’ ती भांडणाची. माईंनी चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या: येणे, दाबणे, लावणे, काढणे. शेवटच्या ओळीपुढे लिहिलं, ‘कुरापत काढणे, भांडण उकरणे’. तिच्याखाली त्यांच्या शेजारणीचं एक वाक्य होतं.

मग उदाहरण ताडून पाहायचं. कोशात दिलेलं किंवा आपण टिपलेलं वाक्य आणि आपलं वाक्य एकाखाली एक ठेवायचं आणि विचारायचं की कर्ता तोच आहे का, काळ तसाच आहे का, जिथे हा शब्द बसवायचा तिथे बसतो का. सुईण म्हणाली होती, ‘सांजच्याला कळा सुरू झाल्या’. माझं वाक्य झालं, ‘कळा बारा तासांपेक्षा जास्त चालल्या तर’. ठेवून बघितल्यावर जाणवलं की कळा ‘चालत’ नाहीत. त्या येतात आणि जातात. इंग्रजी शब्दात सुरुवातीपासून बाळ आणि वार बाहेर येईपर्यंतचा सगळा प्रवास सामावलेला आहे. मराठी शब्दात फक्त त्या प्रवासातलं दुखणं आहे. दोन्ही शब्द कोशात समोरासमोर छापलेले असले तरी त्यांनी व्यापलेली जमीन सारखी नाही. कोशातलं समीकरण दोन भूखंड कुठेतरी एकमेकांवर पडतात एवढंच सांगतं, किती पडतात ते आपण मोजायचं.

आणखी एक अडचण आजींनीच काढली. “कंच्या कळा? आधी दोन-तीन दिवसबी मधनंमधनं येत्यात की.” खरंच होतं. बारा तास कुठून मोजायचे? याचं उत्तर कोणत्याच द्विभाषी कोशात मिळणार नव्हतं. माईंनी मला इंग्रजी-इंग्रजी कोश बघायला पाठवलं आणि नंतर संस्थेच्या डॉक्टरीणबाईंकडे. ठरावीक अंतराने, वाढत जाणाऱ्या कळा सुरू झाल्या की तिथून मोजणी. शेवटी वाक्य असं झालं: “ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा आणि वाढत जाणाऱ्या कळा सुरू झाल्यापासून बारा तास उलटले आणि बाळ बाहेर आलं नाही, तर बाईला लगेच दवाखान्यात हलवा.” मूळ वाक्याच्या दुप्पट लांब. एका शब्दाच्या जागी एक शब्द हा माझा हट्ट सुटला. समाजमंदिरात पुन्हा वाचलं तेव्हा आजी म्हणाल्या, “हां, आता अडलेल्या बाईचं बोललीस.” ‘अडलेली’ हा शब्द मी तिथल्या तिथे टिपला. तो मथळ्यात गेला.

त्याच पुस्तिकेत दोन पानांनंतर ‘शो’ आला. कळांच्या आरंभी हा ‘शो’ दिसतो, असं वाक्य होतं. एव्हाना मी शहाणी झाले होते. गाळलेली जागा केली. छोट्या कोशातले देखावा, प्रदर्शन, खेळ, दिखाऊपणा हे सगळे एकेक करून बसवून पाहिले. एकही बसेना. आधीची मी त्यातला सगळ्यात कमी खुपणारा शब्द उचलला असता आणि काहीतरी ‘लक्षण दिसते’ असं रचून दिलं असतं. माई म्हणाल्या की सगळे अर्थ लावून पाहिले आणि कुठलाच लागला नाही, तर तोही शोधच आहे. आपल्याला हवा असलेला अर्थ या कोशात नाही, एवढं नक्की झालं. अशा वेळी जवळचा अर्थ ओढूनताणून लावण्यापेक्षा मोठा कोश गाठायचा. मोठ्या इंग्रजी कोशात वैद्यकीय खुणेसह तो अर्थ सापडला: बाळंतपणाच्या सुरुवातीला अंगावरून जाणारा रक्तमिश्रित चिकट स्राव. नोंदीतल्या त्या छोट्या तिरप्या अक्षरांतल्या खुणा, म्हणजे वैद्यक, कायदा, नौकानयन, जुना प्रयोग, ग्राम्य, या अर्थापेक्षाही आधी वाचायच्या असतात. आपला मजकूर ज्या क्षेत्रातला, त्या क्षेत्राची खूण जिथे दिसते तिथे आधी थांबावं. मराठीत मी एक शब्द शोधत बसले नाही. ‘अंगावरून रक्त मिसळलेला चिकट पदार्थ जातो’ असं लिहिलं.

पुढे संस्थेची कामं वाढली, माईंच्या कपाटातली पुस्तकंही माझ्या ओळखीची झाली. मोल्सवर्थ आणि कँडींचा १८४७चा इंग्रजी-मराठी कोश, रानड्यांचा मोठा इंग्रजी-मराठी कोश आणि दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड. जुन्या कोशांची एक वेगळी शिस्त लागते. एकदा मी मोल्सवर्थमध्ये ‘नाव’ शोधत होते, मिळाली ती होडी. तेव्हाच्या लेखनात माणसाचं ‘नांव’ अनुस्वार देऊन लिहीत आणि पाण्यातली ‘नाव’ अनुस्वाराविना. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द डोळ्यांना एकच झाले. क्रियापदंही तिथे ‘करणें’, ‘लागणें’ अशी अनुस्वार घेऊन उभी असतात. आपला शब्द जुन्या कोशात मिळाला नाही तर तो नाही असं ठरवण्याआधी त्याचं जुनं रूप लिहून बघावं.

आता मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे आणि मी तो रोज वापरते. तिथे इंग्रजी शब्द टाकला की ज्या ज्या मराठी नोंदींच्या अर्थात तो आला आहे त्या सगळ्या समोर येतात. माईंना उलट्या वाटेने जायला संध्याकाळ लागायची, ते मिनिटात होतं. पण छापील पानावर नजर शेजारच्या शब्दांवरून जात असे, नोंद वरपासून खालपर्यंत एका दमात दिसे. पडद्यावर आपण जेवढं मागितलं तेवढंच येतं. म्हणून महत्त्वाच्या शब्दासाठी मी अजूनही तो जाड ग्रंथ मांडीवर घेते.

तो ग्रंथ माईंनी मला १९९६ साली दिला, मी सातारा सोडताना. आत काही लिहिलं नाही. डबाही दिला. म्हणाल्या, “चिठ्ठ्या वाढव, पण ऐकल्याशिवाय लिहू नकोस.”

शेवटच्या आजारपणात त्यांच्या कमरेचं हाड मोडलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांना कुशीवर वळवत होते आणि त्यांचा चेहरा वेदनेने पिळवटला होता. मी हात धरला आणि तोंडातून निघून गेलं, “माई, थोडी कळ काढा. होईलच आता.”

वळवून झाल्यावर त्या बराच वेळ डोळे मिटून होत्या. मग हळू म्हणाल्या, “कळ काढणे. हा अर्थ आपल्या चिठ्ठीवर आहे का गं?”

नव्हता. आम्ही तिथे फक्त भांडण लिहिलं होतं. सोसणं, दम धरणं, हा रोजच्या बोलण्यातला अर्थ आम्हा दोघींच्याही नजरेतून सुटला होता. घरी आल्यावर मी डबा उघडून ती चिठ्ठी काढली. त्यांच्या चार ओळींखाली पाचवी ओळ लिहिली, अर्थ लिहिला आणि त्याखाली ते वाक्य. मग बोलणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं.